उपरोधिक सदर आटवताना: सारांश की कात्री?

600 शब्दांचं खुसखुशीत सदर 200 शब्दांत बसवायचं असेल तर दोन वाटा आहेत. आशय आपल्या शब्दांत सांगायचा, किंवा लेखकाचीच वाक्यं ठेवून बाकीची उडवायची. एक उतारा घेऊ:

"वेळ वाचवण्यासाठी आमच्या कार्यालयात समिती नेमली आहे. समितीत नऊजण आहेत, नऊही कामात बुडालेले. समिती दर सोमवारी तीन तास बसते. पहिल्याच बैठकीत बैठका कमी करायचं ठरलं. ते नीट ठरलंय ना, हे पाहायला आता गुरुवारीही बसतात. वेळ वाचतोय म्हणे."

सारांश असा होईल: "वेळ वाचवण्याच्या नावाखाली बैठका वाढल्याची टीका लेखक उपरोधाने करतात." अर्थ बरोबर, पण हसू गेलं. मूळ लेखकाने टीका केलेलीच नाही; चेहरा गंभीर ठेवून तो समितीचं कौतुक केल्यासारखं बोलतोय. सारांशाने तो मुखवटाच काढला. त्याहून वाईट म्हणजे घाईत लिहिलेला सारांश: "समितीमुळे वेळ वाचत असल्याचे म्हटले जाते." 'म्हणे'चं 'म्हटले जाते' झालं आणि डंख गेला. 'म्हणे', 'बरं का', 'म्हणजे काय!' असे शब्द कोरड्या भाषेत टिकत नाहीत, आणि मराठीत उपरोध बऱ्याचदा त्यांच्यावरच उभा असतो.

आता कात्री. माझा कल हिच्याकडे आहे, पण हीही चुकते. सोमवारचं वाक्य रुक्ष वाटतं म्हणून पहिल्यांदा तेच उडवलं जातं. मग 'गुरुवारीही' मधला 'ही' अधांतरी लटकतो आणि वाचक हसायच्या ऐवजी अडखळतो. नऊजणांचं वाक्य खरं तर जास्त मजेशीर आहे, पण पुढचं काहीच त्याच्यावर अवलंबून नाही. म्हणून ते काढायचं. काढताना जीव हळहळतो, हे कबूल.

तिसरा मोह प्रत्येक वाक्यातून दोन-तीन शब्द छाटण्याचा. 'पहिल्याच'मधला 'च' गेला की घाई दिसत नाही. 'नीट ठरलंय ना' ऐवजी 'खात्री करण्यासाठी' आलं की बोलणारा माणूसच गायब. अख्खा विनोद काढलेला परवडतो, अर्धवट ठेवलेला नाही.

वाचकाला फक्त लेखकाची भूमिका हवी असेल, उदाहरणार्थ टिपणात, तर सारांश घ्या आणि 'उपरोधाने' हा शब्द न विसरता घाला. नाहीतर उलटा अर्थ पोचेल. वाचकाने हसावं असं वाटत असेल तर कात्री. मात्र संपूर्ण सदर एकाच विनोदावर हळूहळू चढत गेलेलं असेल, तर एक-तृतीयांशाच्या खाली मी जात नाही. त्यापेक्षा एकच परिच्छेद जसाच्या तसा देतो.

कापलेला मजकूर मूळ न वाचलेल्या एखाद्याला द्या आणि विचारा, "लेखकाला समिती आवडली का?" तो "हो" म्हणाला, तर काय उडालं ते शोधायला मूळ लेख पुन्हा उघडा.