आरओ मशीनचा वापरानंतरचा अनुभव: पाण्याला वास, आणि दोष निघाला नळात

आठ लिटरच्या टाकीचं, भिंतीवरचं आरओ-यूव्ही मशीन आहे. सोसायटीत पाणी बोअरचं आणि टँकरचं मिसळून येतं, त्यामुळे आरओशिवाय इलाज नाही. पाण्याची चव आणि वेग यांबद्दल पहिले काही महिने काहीच तक्रार नव्हती. मग पाण्याला दमट फडक्यासारखा वास यायला लागला.

कंपनीचा माणूस आला, पाणी हुंगलं आणि म्हणाला, "ताई, मेंब्रेन गेलंय, बदलावं लागेल." मी घरच्या मीटरने टीडीएस मोजून दाखवला. येणारं पाणी ६००च्या आसपास, गाळलेलं ६०च्या आत. म्हणजे मेंब्रेन दहातले नऊ भाग क्षार अडवत होतं. मग त्याला दोन हजारांवर खर्च का करायचा? टाकी धुऊन द्या म्हटलं, तर म्हणे ते एएमसीत येत नाही. याचा मला मनापासून राग आला.

तो गेल्यावर मी दोन पेले भरले, एक नळातून आणि एक झाकण उघडून स्वच्छ पळीने थेट टाकीतून. टाकीच्या पाण्याला जेमतेम वास होता, नळाच्या पाण्याला स्पष्ट. मशीनचा प्लग काढून टाकी रिकामी केली आणि नळाचं वरचं टोपण हाताने फिरवून उघडलं. आत सिलिकॉनची छोटी वाटी असते, तीच पाणी अडवते. तिच्याखाली काळपट, बुळबुळीत थर होता. कारण सरळ आहे. मशीनमधला कार्बन पाण्यातलं क्लोरीन काढून टाकतो आणि माझ्या मशीनमध्ये यूव्ही टाकीच्या आधी आहे. त्यामुळे टाकी आणि नळ यांतल्या पाण्याला पुढे कसलंच संरक्षण उरत नाही. त्यात नळाच्या तोंडाला ओले हात आणि बाटल्या लागतात.

नवा मऊ टूथब्रश आणि भांड्यांचा साबण यांनी वाटी घासली. नळाची तोटी बाळाच्या बाटलीच्या निपलसाठी मिळणाऱ्या बारीक ब्रशने आतून घासली. वाटी चिरली किंवा कडक झाली असेल तर धुऊन उपयोग नाही, नळ ठिबकतच राहतो. सुट्या भागांच्या दुकानात नवी मिळते.

टाकी मऊ फडक्याने पुसली. काथ्या किंवा तारेची घासणी नको, ओरखड्यांत थर पुन्हा धरतो. मग टाकीभर पाण्यात बिनवासाचं ५ टक्क्यांचं ब्लीच, लिटरला १ मिली या हिशोबाने, म्हणजे ८ मिली घातलं. थोडं पाणी नळातून सोडलं, म्हणजे ते नळातही पोचतं, आणि अर्धा तास तसंच ठेवलं. नंतर सगळं ओतून दोनदा खळबळून घेतलं. पहिली भरलेली टाकी फरशी पुसायला वापरली. पांढरे क्षार असतील तर आधी लिंबूसत्वाने काढून टाकी पूर्ण धुवा आणि मगच ब्लीच घाला. दोन्ही एकत्र आले तर विषारी वायू होतो.

या मशीनबद्दल माझी खरी तक्रार टाकीच्या आकाराची आहे. नळाचं भोक तळापासून बोटभर वर आहे, त्यामुळे तळाचं पाणी नळातून कधीच निघत नाही, दर वेळी फडक्याने टिपावं लागतं. रोज पिण्याच्या पाण्याच्या टाकीत असा कोपरा ठेवणं मला अक्षम्य वाटतं. नवं मशीन घेणाऱ्यांनी दुकानातच झाकण उघडून हे बघावं.

बाहेरच्या प्री-फिल्टरचा बाऊलही मीच उघडते. आधी पाण्याचा कॉक बंद, प्लग काढलेला, मग स्पॅनर. आतलं स्पन धुऊन परत घालू नका, गाळ आतपर्यंत रुतलेला असतो, नवंच घाला. बाऊल फक्त साबणाने धुवा. इथे ब्लीच नको, कारण हे पाणी पुढे मेंब्रेनकडे जातं. कार्बन संपत आला असेल तर क्लोरीन त्यातून निसटतं आणि मेंब्रेन कायमचं खराब करतं. ओ-रिंग खाचेत सपाट बसवून बाऊल हाताने घट्ट करा, स्पॅनरने अगदी थोडा. कॉक हळू उघडा आणि खाली कोरडा कागद धरून बघा. पंप सुरू झाल्यावर पुन्हा बघा.

इतकं जमल्यावर एएमसी बंदच करायचं ठरवलं होतं. पण पुढे गाळलेल्या पाण्याचा टीडीएस वाढत गेला आणि वाया जाणाऱ्या पाण्याची धार बारीक झाली. या वेळी आलेल्या दुसऱ्या मुलाने मेंब्रेनला हात न लावता फ्लो रिस्ट्रिक्टर बदलला. तो क्षारांनी चोंदला होता. सांडपाणी अडलं की क्षार मेंब्रेनपाशीच साचतात. काही वेळाने टीडीएस पुन्हा खाली आला. हे मला घरी ओळखता आलं नसतं. म्हणून मेंब्रेन, पंप, वीजपुरवठ्याचा भाग आणि यूव्ही नळी यांना मी हात लावत नाही. यूव्हीचा उजेड डोळ्यांना इजा करतो आणि तिच्या काचेच्या नळीत पारा असतो.

मशीनला तीन तारे, त्या दुसऱ्या मुलाला पाच. एएमसी पुन्हा भरली, पण या वेळी टाकी आणि नळाची सफाई पावतीवर लिहून घेतली.