परीक्षकांच्या पत्राच्या फोटोवरून उत्तरांचा तक्ता : काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या सरांना सगळं कागदावर लागतं. नियतकालिकाकडे पाठवलेल्या शोधलेखावर परीक्षकांचे शेरे आले की ते पत्र छापून घेतात, समासात पेन्सिलीने खुणा करतात आणि फोटो काढून आम्हाला पाठवतात. त्या फोटोतला मजकूर फोनवर उचलायचा आणि गूगल शीटमध्ये शेरा, करायचा बदल आणि स्थिती असे तीन रकाने भरायचे, हे आता कित्येक महिने चाललंय. माझं मत चांगलं आहे, पण काही गोष्टी सांभाळाव्या लागतात.

फोटो चॅटवर डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर तो आकसून येतो. छापील शब्द बहुतेक नीट उचलले जातात. खरा धोका आकड्यांचा. कागदाच्या घडीवर दशांश चिन्ह गेलं की फ्लोराइडचे १.५ सरळ १५ होतात. चुकलेला शब्द वाचताना लगेच खटकतो, चुकलेला आकडा खटकत नाही. म्हणून आकडे, एककं आणि नकार असलेली वाक्यं मी मूळ फोटोशी ताडून बघते. पेन्सिलीच्या खुणा छापील वाक्यात घुसतात, तेव्हा समास कापून टाकते आणि सरांचं म्हणणं हाताने टाइप करते.

शेरा थोडक्यात लिहिताना मात्र फार जपावं लागतं. विहिरींच्या पाण्यावरच्या लेखात एक शेरा असा होता : नायट्रेटची मर्यादा ५० का धरली, भारतीय मानक बघा, आणि पावसाळ्याआधीचे व नंतरचे नमुने एकत्र करू नका. ‘नायट्रेटबद्दल खुलासा’ एवढंच लिहिलं असतं तर दुसरी मागणी हरवली असती. म्हणून एका शेऱ्याच्या दोन ओळी केल्या :

| शेरा | करायचा बदल | स्थिती |
|---|---|---|
| २.३अ मर्यादा ५० का? | ४५ मि.ग्रॅ./लि.; नकाशा, तक्ता, सारांश | झालं |
| २.३आ नमुने वेगळे दाखवा | दोन ऋतूंचे दोन आलेख | अर्धवट |

५० ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा, तर आय.एस. १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ४५ आहे. आकडा एकच बदलायचा होता, पण ४५ ते ५० मधल्या सगळ्या विहिरी सुरक्षितमधून असुरक्षितमध्ये गेल्या आणि नकाशाचे रंग व सारांशातलं एक वाक्यही बदललं. म्हणून दुसऱ्या रकान्यात ‘दुरुस्ती करू’ असं न लिहिता लेखातल्या कोणकोणत्या जागा बदलणार ते मी लिहिते. परीक्षकांचं मूळ वाक्य शेजारी चौथ्या, लपवलेल्या रकान्यात ठेवते, कारण संपादकांना जाणाऱ्या उत्तरात तेच जसंच्या तसं लागतं.

स्थितीसाठी चारच शब्द ठेवलेत : झालं, अर्धवट, सहलेखकाकडे, करणार नाही. शेवटच्या शब्दापुढे कारण लिहिल्याशिवाय ती ओळ पुरी झाली असं आम्ही धरत नाही. सुधारित प्रतीतले पान आणि ओळ क्रमांक मी सगळे बदल स्वीकारून अंतिम पीडीएफ झाल्यावरच भरते. आधी भरलेले क्रमांक पुढच्या दुरुस्तीत सरकतात, आणि परीक्षकांना सांगितलेल्या जागी तो बदल सापडत नाही.