ऑप्शनवर स्टॉपलॉस : आठ महिने वापरल्यानंतर

मी स्टॉक ऑप्शनमध्ये काम करतो. आठ महिन्यांपूर्वी ठरवलं की स्टॉपलॉस लावल्याशिवाय एकही पोझिशन ठेवायची नाही. शिस्त पाळली, तरी दोनदा चांगलाच फटका बसला. दोन्ही वेळा ऑर्डर नियमाप्रमाणेच चालली होती. चूक माझ्या समजुतीत होती.

पहिला प्रसंग. शेअर 1,240 वर, मी 1,260 चा कॉल 20 रुपयांना घेतला, लॉट 500 चा. स्टॉपलॉसचा ट्रिगर 17.50 आणि लिमिट 17. दुपारी ऑर्डर लागली आणि मी 17 ला बाहेर पडलो. शेअर त्या वेळी 1,241 वर, म्हणजे मी घेतला त्याहून रुपयाने वरच होता! अर्ध्या तासात तोच कॉल 21 ला गेला.

उलगडा मार्केट डेप्थमध्ये होता. मी कॉल घेतला तेव्हा सर्वात वरची खरेदी बोली 17.20 ची होती आणि सर्वात खालची विक्री 20.80 ची. म्हणजे मी ट्रिगर लावला त्या क्षणी बोली त्याच्या खालीच होती. ट्रिगर मात्र बोलीकडे पाहत नाही, शेवटच्या सौद्याचा भाव पाहतो. कोणीतरी घाईत एक लॉट 17.20 ला विकला, शेवटचा भाव 17.20 झाला आणि माझी ऑर्डर जागी झाली. त्या बोलीवर तेवढाच एक लॉट होता, तो संपला. पुढची बोली 15.90 ची. माझी विक्री 17 ला लटकली आणि थोड्या वेळाने कोणीतरी ती उचलली. भाव पडलाच नव्हता. दोन टोकांमधल्या मोकळ्या जागेत एक सौदा खालच्या टोकाला झाला, एवढंच.

तेव्हापासून मी आधी स्प्रेड मोजतो. इथे तो 3.60 चा होता आणि माझा स्टॉप 2.50 वर. स्टॉपचं अंतर स्प्रेडपेक्षा कमी असेल तर तो स्टॉप लावण्यात अर्थ नाही, कारण शेअर जागेवर असतानाही तो लागू शकतो.

दुसरा प्रसंग महागात पडला. त्याच शेअरचा 1,200 चा पुट मी 9 रुपयांना विकला होता. एक्स्चेंजवरची स्टॉपलॉस ऑर्डर दिवसअखेर रद्द होते, म्हणून ब्रोकरकडे जीटीटी लावलं : ट्रिगर 14, लिमिट 15. ठरवलेलं नुकसान 3,000 रुपये. संध्याकाळी कंपनीचे निकाल आले. सकाळी सव्वानऊला शेअर थेट 1,150 वर उघडला आणि पुटचा पहिला सौदा 58 ला झाला. 14 आणि 58 च्या मध्ये एकही सौदा झाला नाही.

मोबाइलवर मेसेज आला की ट्रिगर झालं. मला वाटलं, सुटलो. ऑर्डरबुक उघडलं तर स्टेटस `OPEN`. माझी खरेदी 15 ला उभी होती आणि विकणारे 61 मागत होते. ती लिमिट त्या दिवसभरात भरली नसती. शेवटी हाताने 60 ला घेतला. नुकसान 51 गुणिले 500, म्हणजे 25,500.

‘मग मार्केट स्टॉपलॉस का नाही लावलास?’ असं मित्राने विचारलं. एनएसईने ऑप्शनसाठी ती सोय सप्टेंबर 2021 पासून बंद केली आहे. रिकाम्या डेप्थमध्ये अशा ऑर्डरी भलत्याच भावाला भरत होत्या. ते बंद केलं हे मला पटतं. पण उरलेली लिमिटवाली ऑर्डर भाव सांभाळते, बाहेर पडण्याची खात्री देत नाही. लिमिट ट्रिगरपासून लांब ठेवली तर भरण्याची शक्यता वाढते, आणि डेप्थमध्ये चांगला भाव असेल तर तोच मिळतो. पण पातळ डेप्थमध्ये लिमिटपर्यंतचा वाईट भावही मिळू शकतो, आणि गॅप लिमिटच्याही पलीकडे गेला तर काहीच भरत नाही.

आता मी स्टॉप प्रीमियमवर लावत नाही, शेअरच्या भावावर ठरवतो. त्या कॉलचा डेल्टा साधारण 0.40 होता. म्हणजे शेअर 10 रुपये पडला तर प्रीमियम अंदाजे 4 ने कमी होणार. म्हणून 1,230 ला अलर्ट लावायचा, तो वाजला की डेप्थ पाहायची आणि दोन टोकांच्या मध्ये लिमिट टाकायची. नाही भरली तर एकेक पायरी खाली यायचं. यात स्क्रीनसमोर बसावं लागतं, हा मोठा तोटा आहे. नोकरी करत ट्रेडिंग करणाऱ्याला हे जमणं कठीण.

रात्रभराच्या पोझिशनला अलर्टही कामाचा नाही. विकलेल्या पुटखाली आता मी लांबचा पुट विकतच घेतो. 1,200 चा विकला तर 1,180 चा घ्यायचा. मग शेअर कुठेही उघडो, एक्स्पायरीपर्यंत जास्तीत जास्त नुकसान 20 रुपये वजा हातात आलेला निव्वळ प्रीमियम. त्याला ट्रिगर लागत नाही आणि ऑर्डर भरायची वाट पाहावी लागत नाही. मात्र लांबच्या स्ट्राइकचाही स्प्रेड रुंद असतो, म्हणून तो घाईत घेत नाही.

निफ्टीच्या जवळच्या स्ट्राइकला दिवसाच्या आत मी अजूनही प्रीमियमवरच स्टॉपलॉस लावतो. तिथे स्प्रेड बहुतेक वेळा काही पैशांचाच असतो.