लिपस्टिकचा डाग तेलाने काढताना: बेबी ऑइल की खोबरेल?

लिपस्टिकच्या डागावर आधी तेल आणि मग साबण, एवढं बहुतेकांना माहीत असतं. लिपस्टिक म्हणजे मेण आणि तेल यांत घोटलेला रंग. पाण्याला ते मेण दाद देत नाही, तेलात मात्र ते सैल होतं आणि त्याच्याबरोबर रंगही सुटतो. प्रश्न उरतो तेल कोणतं घ्यावं याचा. मी दोन्ही तेलं बरीच वापरली आहेत.

बेबी ऑइलच्या बाजूने पुष्कळ बोलता येईल. ते बहुधा खनिज तेल असतं, त्यामुळे जुनं होऊन पिवळं पडत नाही. ते पातळ असल्याने डागात झटकन शिरतं आणि मेण पटकन मऊ करतं. सुती ओढणीवर मला त्याची फारशी तक्रार नाही. ओढणी एकपदरी असते. डाग खाली येईल अशी ती पांढऱ्या कापडाच्या घडीवर पालथी ठेवायची आणि मागून तेलाचे चार-पाच थेंब सोडायचे. दहा मिनिटांनी दाबलं की रंग आला त्याच वाटेने खालच्या कापडात उतरतो. दर वेळी घडीचा कोरा भाग डागाखाली सरकवायचा आणि कापडावर रंग उमटायचा थांबला की आपणही थांबायचं.

माझं मत फिरलं ते शर्टाच्या कॉलरमुळे. पांढरा सुती शर्ट, कॉलरच्या घडीजवळ अंगठ्याच्या नखाएवढा लाल डाग. बेबी ऑइल लावलं, टिपलं, शर्ट धुतला, डाग गेला. वाळल्यावर इस्त्री केली आणि त्याच जागी दोन बोटं रुंद, करडं तेलकट कडं दिसायला लागलं. पुन्हा धुतला, तेव्हा ते गेल्यासारखं वाटलं. पुढच्या इस्त्रीला परत वर आलं. कॉलरच्या दोन पदरांमध्ये बकरम असतं. पातळ तेल त्यात जाऊन बसतं, वरवरच्या धुण्याने निघत नाही आणि इस्त्रीची ऊब लागली की पुन्हा कापडावर येतं. मूळ डागापेक्षा या कड्यानेच मला जास्त छळलं. तिसऱ्या धुण्याला भांडी घासायचं लिक्विड पदरांच्या आतपर्यंत मुरवलं, तेव्हा कुठे कॉलर साफ झाली.

खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, आणि कॉलरसाठी मला हाच त्याचा मोठा गुण वाटतो. हवा गरम असेल तर मी चमचाभर तेल वाटीत घेऊन लोण्यासारखं होईपर्यंत फ्रिजमध्ये ठेवतो. ते लावलं तिथेच राहतं, आत धावत नाही. आधी चमच्याच्या कडेने लिपस्टिकचा वरचा थर खरवडून घ्यायचा. मग इयरबडने अगदी थोडं तेल डागाच्या कडेकडून मध्याकडे लावत जायचं. घासायचं मुळीच नाही, नाहीतर डाग पसरतो. तेल वितळून लाल झालं की टिश्यूने टिपायचं आणि नवं लावायचं. नखाएवढ्या डागाला मला साधारण चार फेऱ्या लागतात. वेळ जास्त जातो, हे कबूल.

शेवटचा भाग दोन्ही तेलांना सारखाच आहे आणि लोक नेमकं तिथेच चुकतात. तेल टिपून झालं की पाणी न लावता, कोरड्या कापडावरच भांड्यांचं लिक्विड बोटाने मुरवायचं आणि पाच मिनिटांनी कोमट पाण्याने धुवायचं. आधी पाणी लावलं तर लिक्विड पातळ होऊन तेलापर्यंत जोर राहत नाही. ओढणी रंगीत असेल तर हे लिक्विड आधी एका कोपऱ्यावर लावून रंग सुटत नाही ना, ते पाहावं. कापड पूर्ण वाळल्यावर उजेडासमोर धरलं आणि डागाची जागा भोवतालापेक्षा गडद दिसली, तर तेल शिल्लक आहे. ते निघेपर्यंत इस्त्री नको. या टप्प्यावर खोबरेल मला एका धुण्यात निघालं आहे आणि बेबी ऑइलला बहुतेकदा दुसरं धुणं लागलं आहे. तुमचं कापड आणि लिक्विड वेगळं असेल तर फरक पडू शकतो.

दिवसभर टिकणाऱ्या मॅट लिपस्टिकचा मात्र मेण निघून गेल्यावरही फिकट गुलाबी ठसा राहू शकतो. तो धाग्याला चढलेला रंग असतो आणि तिथे कुठलंच तेल उपयोगाचं नाही. कापड पांढरं किंवा पक्क्या रंगाचं असेल तर ऑक्सिजन ब्लीचच्या पाण्यात भिजवून पाहावं.

घरात बेबी ऑइलच हाताशी असेल आणि डाग ओढणीवर असेल, तर जरूर तेच वापरा. कॉलरसाठी मी आता खोबरेल गोठायची वाट पाहतो.