फ्लँजचं वजन कुठलं धरायचं: कापायच्या तुकड्याचं, रिंगचं की तयार नगाचं?

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नवीन शेड घेतलेल्या एका मित्राने मला ड्रॉइंग पाठवलं. सहा इंची पाइपसाठी चाळीस प्लेट फ्लँज, एमएस, दर किलोवर. बाहेरचा व्यास २८५ मिमी, मधलं बोअर १७०, २२ मिमीचे आठ बोल्ट होल, जाडी २०. त्याला एवढंच ठरवायचं होतं: कोटेशनमध्ये वजन कुठलं टाकू? याच नगाची चार वेगवेगळी वजनं निघतात आणि चारही बरोबर असतात. चुकीच्या जागी वापरलं की मात्र तोटा होतो.

आधी हिशोबाची पद्धत. बांधकामावर सळीचं वजन काढताना व्यासाचा वर्ग भागिले १६२ करतात, त्यातून एका मीटरचे किलो मिळतात. फ्लँज म्हणजे तसल्याच जाड सळीची वीस मिलीमीटरची चकती. त्यामुळे सूत्रही तेच. मीटरऐवजी मिमी आले म्हणून १६२ वर तीन शून्यं वाढतात:

वजन (किलो) = (बाहेरचा व्यास² − बोअर² − होलांची संख्या × होल²) × जाडी ÷ १,६२,०००

सगळी मापं मिमीमध्ये. आपल्या नगाला ८१,२२५ मधून २८,९०० आणि ८ × ४८४ म्हणजे ३,८७२ वजा केले की ४८,४५३ उरतात. त्याला २० ने गुणून १,६२,००० ने भागलं की ५.९८ किलो. १६२ मध्ये पोलादाची ७.८५ घनता आणि गोलाचा पाय आधीच बसलेले आहेत. धातू दुसरा असेल तर आलेल्या उत्तराला त्याच्या घनतेने गुणून ७.८५ ने भागा. स्टेनलेस ३०४ ला ७.९३ धरली तर वजन जेमतेम एक टक्क्याने वाढतं. ॲल्युमिनियमला २.७ धरली तर हाच नग दोन किलोंच्या थोडा वर येतो.

पीसीडी सूत्रात कुठेच नाही. होल २४० च्या वर्तुळावर असोत की २३५ च्या, निघालेलं लोखंड तेवढंच. घात होतो तो कंसात: आधी २८५ मधून १७० वजा करून मग वर्ग केला तर होल वजा करण्याआधीच उत्तर दीड-पावणेदोन किलो येतं. वीस मिमी जाड, ताटाएवढा नग हातात धरला की दीड किलोचा नाही हे लगेच कळतं, पण कागदावर कळत नाही. प्रत्येक व्यासाचा वर्ग वेगळा करूनच वजाबाकी करायची.

आता ही चार वजनं शेजारी शेजारी ठेवू. कापताना आणि कडा टर्निंग करताना लागणारी जागा धरून एका नगाला २९५ चा चौकोन लागतो.

| कुठलं वजन | एका नगाचं | कुठे वापरायचं |
|---|---|---|
| २९५ × २९५ चौकोन | १३.६६ किलो | प्लेट खरेदी, मालाचा खर्च |
| पूर्ण गोल चकती | १०.०३ किलो | बोअर नसलेल्या फ्लँजची सुरुवात |
| बोअर वजा केलेली रिंग | ६.४६ किलो | होल मारण्याआधीची तपासणी |
| होलांसह तयार नग | ५.९८ किलो | वाहतूक, गॅल्वनायझिंग, काट्यावरची पडताळणी |

मित्राने तयार वजन घेतलं होतं: चाळीस नगांचे २३९ किलो, त्यावर प्लेटचा बाजारभाव आणि मजुरी. हीच चूक मीही पहिल्या वर्षी केली होती, आणि त्या ऑर्डरमध्ये मजुरी जवळजवळ सगळी मालातच गेली. कारण ५.९८ किलोचा नग देण्यासाठी १३.६६ किलो प्लेट विकत घ्यावी लागते. अर्ध्याहून जास्त लोखंड नगात जातच नाही.

आकडे घालून बघू, भाव तुम्ही आपले घाला. प्लेट ७० रुपये किलो आणि भंगार ३० रुपये धरलं, तर चौकोनाचे ९५६ रुपये होतात. वाया जाणाऱ्या ७.६८ किलोंपैकी थोडं कापताना जळून आणि चुऱ्यात जातं. भंगारात सात किलो गेलं तर २१० रुपये परत येतात. म्हणजे माल पडला ७४६ रुपयांना, आणि तयार किलोमागे मालाचाच खर्च जवळपास १२५ रुपये. मजुरी याच्या वर.

तोच हिशोब बोअर नसलेल्या ब्लाइंड फ्लँजला लावा. तयार नग ९.५५ किलो, चौकोन तेवढाच. वाया जाणाऱ्या चारेक किलोंपैकी साडेतीन किलो भंगारात धरलं तर तयार किलोमागे माल ८९ रुपयांना पडतो. म्हणून ग्राहकाने दोन्ही प्रकारांना एकच किलोदर मागितला तर मी देत नाही. दर लावायचाच असेल तर प्रत्येक ड्रॉइंगला वेगळा, किंवा सरळ नगावर.

यातला खरा वाव मधल्या चकतीत आहे. १७० चं बोअर कापलं की साधारण १६४ मिमीची, सव्वातीन किलोंची चकती खाली पडते. पीएन १६ च्या ४० मिमी पाइपच्या फ्लँजचा बाहेरचा व्यास १५० असतो. तो या चकतीतून सहज निघतो. ५० मिमी पाइपच्या फ्लँजला मात्र १६५ लागतात, तिथे ही चकती एका मिलीमीटरने कमी पडते. हा एक मिमी कटिंगच्या फटीत जातो, म्हणून आधी मोजून बघा आणि मगच आशा धरा. छोट्या फ्लँजची ऑर्डर हातात असेल तर चकतीचा भाव भंगाराचा न धरता प्लेटचा धरता येतो. मग तयार किलोमागचा माल १२५ वरून १०३ वर येतो. ऑर्डर नसेल तर हा फायदा कोटेशनमध्ये धरू नका. अशा चकत्या आमच्याकडे शेडच्या कोपऱ्यात पावसाळाभर गंजत पडल्या आहेत.

होलांच्या वजनाबद्दल बरीच घासाघीस होते, म्हणून सांगतो. २२ चा एक होल वीस मिमीत साठ ग्रॅमचा असतो, आठ मिळून ४७८ ग्रॅम. पण प्लेट अर्धा मिलीमीटर जाड आली तर नग दीडशे ग्रॅमने वाढतो, म्हणजे अडीच होल. त्यामुळे होल काटेकोर धरून जाडी मात्र कागदावरची घेणं मला पटत नाही. गेल्या खेपेला हेल्परने व्हर्नियर लावून हाक मारली, "पात्रांव, ही वीसची नाही, एकवीसची आहे!" गॅसने कापलेल्या कडेला खाली स्लॅग लोंबत होता. छिन्नीने तो काढून, कडेपासून बोटभर आत तीन ठिकाणी मोजल्यावर २०.३, २०.४, २०.३ आली.

माल घेताना दोन-तीन नग काट्यावर ठेवा. वजन ६.०८ च्या आसपास आलं तर ती २०.३ ची जाडी बोलतेय. साडेसहा आलं तर होलांकडे बघा, एखादी बॅच न ड्रिल करताच गाडीत चढलेली असू शकते. आणि ५.७ च्या खाली आलं तर पहिल्यांदा जाडी मोजा, कारण एकोणीसची प्लेट वीसच्या भावात आलेली असते.

मित्राने शेवटी प्लेटच्या मापावरून मोजलं. १२५० × २५०० च्या एका पत्र्यात चारच्या आठ ओळी, म्हणजे बत्तीस नग बसतात. चाळीसला दुसरा पत्रा लागतो आणि त्याचा पाऊण भाग शिल्लक राहतो. त्याने ग्राहकाला चौसष्ट नगांचा दर वेगळा कळवला.