आजारी कासवाला रात्रीची ऊब: लाल बल्ब की सिरॅमिक हीटर?

ज्यांच्या कासवाच्या नाकातून बुडबुडे यायला लागलेत आणि डॉक्टरांनी "रात्री टेंपरेचर पडू देऊ नका" म्हणून सांगितलंय, त्यांच्यासाठी लिहितोय. मी दोन्ही वापरून बघितलंय, आधी बल्ब, मग सिरॅमिक.

आमचा गोट्या सुलकाटा जातीचं कासव आहे, वजन ९०० ग्रॅमच्या आसपास. (आपल्याकडचं स्टार कासव घरी ठेवणं कायद्यात बसत नाही, ते कोणी देत असेल तरी घेऊ नका.) घोडबंदर रोडला राहतो, गोट्याचा टब बाल्कनीत असायचा. ऑगस्टमध्ये सलग आठ दिवस पाऊस लागला, लाद्या ओल्या, खालचा भुसा दमट, आणि एका सकाळी तुतीचा पाला खाताना उजव्या नाकपुडीत एक बुडबुडा आला. मला वाटलं पाणी पिताना गेलं असेल. पण पाण्याचं असतं तर थोड्या वेळात सुकून गेलं असतं, हा पुसला की परत यायचा, जरा चिकट, आणि संध्याकाळी तिथे पांढरी खपली धरली. दोन दिवसांनी मान लांब करून, तोंड उघडं टाकून श्वास घ्यायला लागला, तेव्हा लगेच गाडी काढली.

डॉक्टरांनी एक गोष्ट नीट समजावली. कासवाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, त्यामुळे जोरात खोकून कफ बाहेर टाकता येत नाही, साठलेला कफ खाली फुफ्फुसात उतरतो. आणि अंगाची गरमी बाहेरून घ्यायची असल्यामुळे गारठलं की प्रतिकारशक्ती मंदावते, वर औषधही नीट शोषलं जात नाही. दमट हवा एकटी फारसं वाईट करत नाही, दमट आणि गार एकत्र आलं की मात्र आजार धरतो. एक्स-रे काढला, फुफ्फुसात थोडं धूसर दिसलं, मग पुढच्या पायात दर तिसऱ्या दिवशी अँटिबायोटिकचं इंजेक्शन, एकूण सात. घरी रोज पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात बसवायचं, पाणी हनुवटीच्या खाली. आणि टबमध्ये दिवसा ३० च्या पुढे, रात्री २८ च्या खाली नको.

मी घाईघाईत ६० वॉटचा लाल बल्ब लावला. स्वस्त, होल्डर कुठल्याही दुकानात मिळतो, चालू आहे की बंद ते लांबून कळतं, हे सगळं बल्बच्या बाजूचं. दिवसा काही तक्रार नव्हती. तक्रार रात्रीची. लोक म्हणतात लाल उजेड कासवाला दिसत नाही, माझा अनुभव तसा नाही, गोट्या तोंड गवतात खुपसून बसायचा, रात्री दोन वाजता उठून भिंतीला घासत फिरायचा. तिसऱ्या रात्री मला बघवेना म्हणून बल्ब बंद केला. सकाळी टबमध्ये २५, आणि दोन इंजेक्शनं झाल्यावर जे नाक कोरडं पडलं होतं त्यात परत बुडबुडा. म्हणजे चालू ठेवला तर झोप नाही, बंद केला तर गारठा. माझा निर्णय तिथेच झाला.

मग १०० वॉटचा सिरॅमिक आणला, थर्मोस्टॅटसकट. उजेड अजिबात नाही. पहिल्या रात्री गोट्या कोपऱ्यात पाय पसरून झोपला, सकाळी २९. चौथ्या इंजेक्शननंतर बुडबुडे थांबले, तरी सातही पूर्ण केली, मध्येच सोडली की परत उलटतं असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

सिरॅमिकचा त्रास नाही असं नाही. पोर्सेलिनचाच होल्डर लागतो, प्लॅस्टिकचा वितळतो. भोवती जाळी हवी, चटका बसतो. हवा सुकते, त्यामुळे मी टबचं अर्ध झाकण लावून एका कोपऱ्यात कोको-पीट ओलसर ठेवायचो, बाकी कोरडं. आणि चालू आहे की नाही ते डोळ्यांना दिसत नाही, हात वर धरून बघावं लागतं. खर्चही बल्बपेक्षा बराच जास्त.

एकदोन रात्रींचाच प्रश्न असेल, किंवा घरात मुळातच ऊब टिकत असेल, तर बल्बवर भागू शकतं, मी चूक म्हणणार नाही. पण तीन आठवड्यांचा कोर्स असेल तर मला वाटतं सिरॅमिकच घ्यावा. आणि दोन्हीत लाईट गेली की सारखंच, आमच्याकडे पावसात जाते, तेव्हा गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून टबात ठेवायचो.

थर्मोस्टॅटचा तापमान मोजणारा प्रोब कासवाच्या पाठीच्या उंचीला, झिप टायने घट्ट बांधा. गोट्याने एकदा ढकलून तो हीटरखालीच नेला, हीटर लवकर बंद पडायला लागला आणि टबाचं दुसरं टोक गार झालं, ते मला सकाळी पाय हाताला थंड लागल्यावर कळलं.