मेट्रोच्या दोन स्थानकांमधला वेळ: वेग-काळ आलेख आठ महिने वापरल्यानंतर

अंतर भागिले वेग केलं की वेळ मिळतो, हे मेट्रोला लागू पडत नाही. गाडी सुटली की वेग घेते, थोडा वेळ तो टिकवते आणि लगेच ब्रेक लागतात. या तिन्ही टप्प्यांचा हिशोब एका साध्या आलेखात बसतो. आडव्या अक्षावर सेकंद, उभ्या अक्षावर वेग, आणि रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे कापलेलं अंतर. ही पद्धत गेले आठ महिने कागदावर आणि स्प्रेडशीटवर वापरून झाली. ती कुठे चोख उत्तर देते आणि कुठे फसवते, ते खाली दिलं आहे.

उदाहरण मुंबईच्या पहिल्या मेट्रोचं, वर्सोवा ते घाटकोपर. मार्ग ११.४ किमी, स्थानकं १२, म्हणजे मधली अंतरं ११ आणि एक अंतर सरासरी १०३६ मीटर. कमाल वेग ताशी ८० किमी. वेग घेण्याचा आणि कमी करण्याचा दर आम्ही दोन्हीकडे १ मी/से² धरला. मेट्रोच्या गाड्यांसाठी ही आकडेमोडीला सोयीची आणि वास्तवाला धरून असलेली किंमत आहे.

आधी ८० ला ३.६ ने भागा: २२.२ मी/से. हे विसरून ताशी किलोमीटर थेट सेकंदांनी गुणणं ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. ती ओळखणं मात्र सोपं, कारण क्षेत्रफळ साडेतीनपटीहून जास्त फुगतं.

आलेखाच्या कागदावर आडवं १ सेमी म्हणजे ५ सेकंद आणि उभं १ सेमी म्हणजे ४ मी/से घेतलं, की एक चौरस सेंटिमीटर म्हणजे बरोबर २० मीटर. शून्यापासून २२.२ पर्यंत चढती रेषा २२.२ सेकंदांची, उतरतीही तेवढीच. दोन्ही त्रिकोण मिळून ४९४ मीटर खातात. उरलेले ५४२ मीटर पूर्ण वेगाने, म्हणजे २४.४ सेकंद. एकूण ६८.८ सेकंद. तयार झालेल्या समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ ५१.८ चौ. सेमी भरतं का, ते चौकोन मोजून पाहा. ताळा तिथल्या तिथे होतो.

नुसतं अंतर भागिले वेग केलं तर ४६.६ सेकंद आले असते. फरक २२.२ सेकंदांचा, आणि या पद्धतीचा खरा फायदा इथेच आहे. हा फरक वेग घ्यायला लागणाऱ्या वेळेचा अर्धा अधिक ब्रेकच्या वेळेचा अर्धा इतकाच असतो. गाडी पूर्ण वेगाला पोचत असेल, तर स्थानकं एक किलोमीटरवर असोत की तीन, तो बदलत नाही. म्हणजे मार्गात एक स्थानक वाढवण्याची किंमत साधारण २२ सेकंद आणि फलाटावर उभं राहण्याचा वेळ, एवढी. हे एकदा डोक्यात बसलं की कागद न काढताही अंदाज बांधता येतो.

स्थानकं ४९४ मीटरहून जवळ असतील तर समलंब चौकोन उरत नाही, त्रिकोण होतो. गाडी ८० ला पोचतच नाही. ४०० मीटरवर ती २० मी/से, म्हणजे ताशी ७२ पर्यंतच जाते आणि ४० सेकंद घेते. स्प्रेडशीटमध्ये ही अट घातली नाही तर जवळच्या स्थानकांचा वेळ निमूटपणे चुकतो. A2 मध्ये मीटर, B2 मध्ये ताशी किमी, C2 मध्ये वेग घेण्याचा आणि D2 मध्ये ब्रेकचा दर ठेवून हे सूत्र चालतं:

```
=IF(A2>=(B2/3.6)^2/2*(1/C2+1/D2), A2*3.6/B2+B2/7.2*(1/C2+1/D2), SQRT(2*A2*(1/C2+1/D2)))
```

आता तक्रारी. पहिली शंका सगळ्यांना येते: खरी गाडी ८० पर्यंत एकाच जोमाने वेग घेत नाही. मोटरची शक्ती मर्यादित असते, त्यामुळे ठरावीक वेगानंतर चढती रेषा वाकते. समजा ताशी ३६ पर्यंत दर १ आणि पुढे शक्ती स्थिर. मग ८० गाठायला २२.२ ऐवजी २९.७ सेकंद लागतात. वाटतं की उत्तर साडेसात सेकंदांनी बिघडलं. प्रत्यक्षात स्थानक ते स्थानक वेळ ७०.२ सेकंद येतो, म्हणजे फरक जेमतेम दीड सेकंदाचा! कारण ते जादा सेकंद गाडी वेगातच असते, आणि बहुतेक अंतर तेवढ्यात कापून होतं. धक्का लागू नये म्हणून सुरुवातीला आणि शेवटी दर हळूहळू बदलतात, त्याचेही असेच एक-दीड सेकंद. वाकलेली रेषा काढण्यात तास घालवू नयेत.

खरा घोटाळा वळणांवर होतो. स्थानकातून निघून ६२ मीटरवर गाडी ताशी ४० ला पोचते. समजा तिथेच ४० ची मर्यादा असलेलं ३०० मीटरचं वळण लागलं. आलेखावर लोक ३०० मीटरची सपाट रेषा ओढतात आणि पुन्हा वेग चढवतात. पण शेवटचा डबा वळणातून बाहेर पडेपर्यंत वेग वाढवता येत नाही. चार डब्यांची गाडी साधारण ९० मीटरची, म्हणून सपाट रेषा ३९० मीटरची हवी. एकूण वेळ ६८.८ वरून ८६.४ सेकंदांवर जातो. शेपटी विसरलात तर ८२.४ दिसतो. मोजलेला वेळ एखाद्याच अंतरात चार-पाच सेकंदांनी जास्त निघाला, तर आधी इथे बघावं.

संपूर्ण मार्गावर ताळा करून पाहिला. ११ × ६८.८ म्हणजे ७५७ सेकंद, मधल्या १० स्थानकांवर ३० सेकंद धरून आणखी ३००. एकूण १७ मिनिटं ३७ सेकंद. जाहीर वेळ सुमारे २१ मिनिटं. दर अंतरामागे अठरा-एकोणीस सेकंद कमी पडले. कमाल वेग ६० धरला तर एका अंतराला ७८.८ सेकंद आणि एकूण साडेएकोणीस मिनिटं येतात. उरलेलं वळणांवर, फलाटात शिरताना सांभाळून घेतलेल्या ब्रेकवर आणि वेळापत्रकात ठेवलेल्या सवलतीवर जातं. म्हणून वेळापत्रक बनवायला हा आलेख नुसता पुरत नाही. दोन पर्यायांची तुलना करायला मात्र उत्तम. ८० वरून ६० वर येताना एका अंतरामागे फक्त दहा सेकंद जातात, आणि गाडीला द्यावी लागणारी गतिज ऊर्जा ४४ टक्क्यांनी घटते. हा सौदा कोष्टकात पटकन लक्षात येत नाही, आलेखावर लगेच दिसतो.

प्रत्यक्ष गाडीत घड्याळ लावणार असाल तर चाक हलल्यापासून चाक थांबेपर्यंत मोजा. दार बंद झाल्यापासून मोजलं तर मधले सेकंद फलाटाच्या खात्यातले असूनही आलेखावर चढतात. अंतरही फलाटाच्या मध्यापासून पुढच्या फलाटाच्या मध्यापर्यंतचं घ्या. एका फलाटाच्या शेवटापासून पुढच्या फलाटाच्या सुरुवातीपर्यंतचं घेतलं तर एक पूर्ण फलाट गायब होतो.

पावसाळ्यासाठी D2 वेगळा ठेवायचा. उन्नत मार्गावर रूळ ओले असतात आणि चाक घसरू नये म्हणून ब्रेकचा दर ०.७ वर आणला, तर उतरती रेषा २२.२ ऐवजी ३१.७ सेकंदांची होते. त्यातले निम्मेच जादा सेकंद खऱ्या तोट्याचे, म्हणजे एका अंतरामागे ४.८ आणि वर्सोव्याहून घाटकोपरपर्यंत ५० सेकंदांहून थोडे जास्त.